तुरुंगाऐवजी दिलेली शिक्षा: ती कशाच्या जागी आली आणि मोडली तर पुढे काय

प्रश्न: समाजसेवा, दंड किंवा नुकसानभरपाई अशी शिक्षा देणे म्हणजे गुन्हेगाराला सोडून देण्यासारखेच नाही का? तुरुंगवासाच्या तुलनेत या शिक्षांचा प्रत्यक्षात काही उपयोग होतो का, आणि होत असेल तर कोणत्या प्रकरणांत?

उत्तर:

ही तुलना करण्याआधी तिची जागा ठरवून घ्यावी लागते. खून, बलात्कार किंवा सशस्त्र दरोड्याच्या खटल्यात समाजसेवा द्यावी की तुरुंग, असा पेच न्यायाधीशासमोर पडत नाही. तो पडतो ज्या गुन्ह्यांना काही आठवड्यांपासून साधारण वर्षभरापर्यंतची कैद होते त्या पट्ट्यात, म्हणजे चोरी, अपहार, साधी मारहाण, तोडफोड, बेदरकार वाहन चालवणे अशा प्रकरणांत. परिवीक्षा अधिकारी म्हणून, म्हणजे तुरुंगात न पाठवता अटींवर बाहेर ठेवलेल्या माणसांवर न्यायालयातर्फे देखरेख ठेवत, बावीस वर्षे मी याच पट्ट्यात काम केले; शिक्षेपूर्वीचे चौकशी अहवाल लिहिले, समाजसेवेच्या हजेऱ्या तपासल्या, आणि थकलेल्या दंडाची कारणे न्यायालयाला कळवली. त्यावरून माझे मत असे झाले आहे की शिक्षेचे नाव काय आहे यापेक्षा दोन गोष्टींवर जास्त अवलंबून असते. एक, ही शिक्षा आली नसती तर तिच्या जागी काय आले असते. दुसरी, माणसाने ती पाळली नाही तर पुढे काय होते. हे दोन सांधे पक्के असतील तर तुरुंगाबाहेरची शिक्षा ही खरी शिक्षा असते, आणि ते ढिले असतील तर तुमची शंका बरोबर ठरते.

एक प्रकरण घेऊन बोलू. यातला माणूस मी अनेक अहवालांतून जोडून उभा केला आहे, पण त्याच्या बाबतीत जे घडते ते सगळे मी कुठे ना कुठे पाहिलेले आहे. वय अठ्ठावीस, गोदामातला माल दुकानांना पोहोचवणाऱ्या गाडीचा चालक, घरी पत्नी आणि दोन लहान मुले. तीन महिने त्याने दर खेपेतून थोडा थोडा माल बाजूला काढून परस्पर विकला. पाच वर्षांपूर्वी एका भांडणात त्याला किरकोळ दंड झाला होता, त्यामुळे पाटी अगदी कोरी नाही. नोकरी अर्थातच गेली, पण खटला चालू असतानाच दुसरीकडे तेवढ्याच पगारावर काम मिळाले. हिशेबासाठी त्याचे एका दिवसाचे उत्पन्न एक भाग धरू, म्हणजे महिन्याचे तीस भाग. मालकाचे नुकसान पंचेचाळीस भागांचे, म्हणजे त्याच्या दीड महिन्याच्या पगाराएवढे. घर चालवून त्याच्या हातात महिन्याला पाच भाग उरतात, तेही कोणी आजारी पडले नाही तर. न्यायालयाच्या मनात तीन महिन्यांची कैद आहे.

ती कैद दिली तर काय होते ते आधी पाहू. पहिले काही दिवस नोंदणी, वैद्यकीय तपासणी, वर्गवारी आणि बराक ठरवण्यात जातात. व्यवसायशिक्षणाचे किंवा व्यसनमुक्तीचे वर्ग काही महिन्यांचे असतात, आणि ज्याची सुटका तोंडावर आली आहे त्याला त्यात सहसा घेत नाहीत. त्यामुळे लहान मुदतीच्या कैद्याचा बहुतेक काळ रिकामा जातो, आणि रिकाम्या वेळेत त्याच्या भोवती जी माणसे असतात त्यांचा अनुभव त्याच्यापेक्षा मोठा असतो. बाहेर नवी नोकरी टिकत नाही, भाडे थकते, आणि मालकाच्या पंचेचाळीस भागांपैकी एकही भाग येत नाही. मालकाच्या हाती निकालाची प्रत मात्र येते. या कैदेचा एक फायदा खरा आहे आणि तो नाकारू नये, तो म्हणजे त्या तीन महिन्यांत हा माणूस बाहेर चोरी करू शकत नाही. प्रश्न एवढाच की चौथ्या महिन्यात काय होते.

त्याबद्दल आता बराच अभ्यास झाला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सारख्या पार्श्वभूमीच्या माणसांचे दोन गट जुळवले होते. बारा महिन्यांपेक्षा कमी कैद भोगलेल्यांनी वर्षभरात पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण, न्यायालयाच्या देखरेखीखाली बाहेर शिक्षा भोगलेल्यांपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी जास्त निघाले. २०२१ मध्ये ११६ अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणाचा निष्कर्ष असा होता की बाहेरच्या शिक्षांच्या तुलनेत कैदेमुळे पुन्हा गुन्हा करणे कमी होत नाही, उलट काही वेळा ते किंचित वाढते. स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतात तर १९९० च्या दशकात प्रत्यक्ष प्रयोग झाला होता. चौदा दिवसांपर्यंतची कैद झालेल्या माणसांतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काहींना समाजसेवा आणि काहींना तुरुंग देण्यात आला. बऱ्याच वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा दोन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता.

या आकड्यांकडे मी सावधपणे पाहतो. चार टक्के हा मोठा चमत्कार नाही, आणि समाजसेवेने माणूस सुधारतो असे त्यातून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की लहान कैदेने तो सुधारत नाही, आणि ती महाग पडते. विरुद्ध बाजूचा पुरावाही सांगितला पाहिजे. नॉर्वेत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कैदेनंतर पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण बरेच घटलेले दिसले, पण ती घट मुख्यतः आधी बेरोजगार असलेल्या आणि तुरुंगात कामाचे प्रशिक्षण मिळालेल्या लोकांमुळे होती. ज्यांना आधीच नोकरी होती त्यांना तसा लाभ झाला नाही, त्यांची नोकरी मात्र गेली. आपला चालक या दुसऱ्या गटात बसतो.

आता दंडाकडे येऊ. जगात सर्वांत जास्त वापरली जाणारी शिक्षा हीच, आणि तिच्यात खोट शिरते तीही पटकन. एकच ठोक रक्कम एकाला एका संध्याकाळची गंमत वाटते आणि दुसऱ्याला वर्षभराचे कर्ज. यावरचा एक जुना आणि चांगला उपाय फिनलंडने १९२१ मध्ये आणला. तिथे दंड रकमेत न मोजता दिवसांत मोजतात. गुन्ह्याच्या गंभीरपणानुसार न्यायालय दिवसांची संख्या ठरवते, आणि एका दिवसाची किंमत त्या माणसाच्या उत्पन्नावरून निघते. दिवस सारखे, रक्कम वेगळी. स्वीडनने हीच पद्धत १९३१ मध्ये आणि पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये घेतली. जर्मनीत दिवसाची किंमत म्हणजे साधारण एका दिवसाचे निव्वळ उत्पन्न. फिनलंडमध्ये ती त्याच्या जवळपास निम्मी धरतात, कारण पोटाला लागणारा पैसा आधी बाजूला काढलेला असतो.

आपल्या चालकाला चाळीस दिवसांचा दंड झाला असे समजू. जर्मन हिशेबाने ते चाळीस भाग, फिनिश हिशेबाने सुमारे वीस. महिन्याला पाच भाग भरू शकणाऱ्या माणसासाठी हा आठ महिने आणि चार महिने असा फरक आहे. हा तपशील क्षुल्लक वाटतो, पण माझ्या अनुभवात सहा महिन्यांच्या आत संपणारा हप्ता माणूस बऱ्यापैकी भरतो, वर्षाच्या पुढे गेलेला हप्ता मध्येच कुठेतरी तुटतो, आणि तुटला की तो पुन्हा क्वचितच सुरू होतो.

इंग्लंडने हीच पद्धत १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये मोठ्या उत्साहाने सुरू केली आणि १९९३ मध्येच गुंडाळली. बटाट्याच्या वेफर्सचे रिकामे पाकीट रस्त्यावर टाकल्याबद्दल एका माणसाला १,२०० पौंडांचा दंड झाला तेव्हा वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलून धरली. त्यामागचे कारण साधे होते. त्याने उत्पन्नाची माहितीच दिली नव्हती, आणि माहिती न देणाऱ्याचा दर सर्वांत वरचा धरायचा असा नियम होता. तत्त्व योग्य होते, फक्त उत्पन्न कळण्याची सोय नव्हती. म्हणून उत्पन्नानुसार दंडाचा कायदा कोणी नव्याने सुचवला की मी आधी विचारतो, या माणसाची कमाई न्यायालयाला कुठून कळणार, आणि किती दिवसांत? रोख मजुरीवर जगणाऱ्या माणसाच्या बाबतीत चौकशी अहवाल हाच बहुतेक वेळा एकमेव मार्ग असतो.

नुकसानभरपाई या तिन्हींमध्ये पीडिताच्या सर्वांत जवळची, पण पैशाच्या रांगेत ती कुठे उभी आहे यावर तिचे सगळे भवितव्य ठरते. चालकाला दंडही झाला आणि भरपाईही, तर दर महिन्याचे पाच भाग आधी कोणाकडे जाणार? दंड सरकारजमा होतो. तो आधी वसूल करायचा असे धोरण असेल तर मालकाला पहिली पै पाचव्या किंवा नवव्या महिन्यात दिसेल, आणि तोपर्यंत हप्ते तुटलेले असण्याची शक्यताच जास्त. इंग्लंडच्या कायद्यात भरपाई आणि दंड दोन्ही देण्याइतकी आरोपीची ऐपत नसेल तर भरपाईला प्राधान्य द्यावे अशी तरतूद आहे, आणि माझ्या मते हा नियम सगळीकडे लेखी असायला हवा. नेदरलँड्सने त्याही पुढचे पाऊल टाकले. हिंसक आणि लैंगिक गुन्ह्यांत आरोपीने आठ महिन्यांत भरपाई पूर्ण केली नाही तर तिथे सरकार पीडिताला आगाऊ रक्कम देते आणि मग आरोपीकडून वसूल करत बसते. पीडिताला दर महिन्याला तुटपुंज्या हप्त्याची आणि त्याबरोबर त्या प्रसंगाची आठवण येत राहण्यापेक्षा हे पुष्कळ बरे. अपहाराच्या आपल्या प्रकरणात हप्ते चालतात, कारण व्यापारी माणूस उधारीला सरावलेला असतो. मार खाल्लेल्या माणसाला मात्र मारणाऱ्याकडून महिन्याला चिमूटभर पैसे येणे हा एक वेगळाच छळ होऊन बसतो, हे मी एकाहून अधिक वेळा ऐकले आहे.

पैशाच्या शिक्षेचा दुसरा सांधा म्हणजे थकबाकी. दंड न भरल्यास इतके दिवस कैद, हे वाक्य निकालपत्रात इतक्या सवयीने येते की वाचणाऱ्याचे तिकडे लक्षही जात नाही. न्यायालयाने विचार करून तुरुंग टाळलेला असतो आणि हे एक वाक्य त्याच माणसाला मागच्या दाराने आत नेते. याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातले आहे, आणि ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३ च्या ‘बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया’ या निकालात नोंदलेले आहे. आरोपीला परिवीक्षेवर सोडताना ५०० डॉलर दंड आणि २५० डॉलर भरपाई सांगितली होती. शंभर त्याच दिवशी, शंभर दुसऱ्या दिवशी आणि उरलेले ५५० चार महिन्यांत. पहिले दोनशे त्याने आईवडिलांकडून उसने घेऊन भरले. महिन्याभराने त्याची नोकरी गेली. शिक्षण जेमतेम नववीपर्यंतचे, वाचता येत नव्हते, शोधूनही काम मिळाले नाही, आणि उरलेले पैसे भरता येणार नाहीत हे त्याने परिवीक्षा कार्यालयाला मुदतीआधी कळवलेही होते. तरी परिवीक्षा रद्द होऊन तो तुरुंगात गेला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पैसे का भरले नाहीत याची चौकशी केल्याशिवाय असे करता येणार नाही. ऐपत असून टाळणारा आणि प्रामाणिक प्रयत्न करूनही न जमलेला, या दोघांना एकाच मापाने मोजायचे नाही, आणि दुसऱ्याच्या बाबतीत आधी मुदतवाढ, रकमेत कपात किंवा श्रम असे इतर मार्ग पाहायचे.

ही चौकशी व्यवहारात अवघड नाही. हप्ता चुकला की पंधरा दिवसांत माणसाला बोलवावे, पगाराची चिठ्ठी किंवा कामाचा ठावठिकाणा पाहावा, घरी एकदा जाऊन यावे. दोन हप्ते चुकल्यावर बोलावलेल्या माणसाशी अजून बोलता येते. सहा चुकल्यावर तो पत्ताच बदलतो. जर्मनीने दंड थकवणाऱ्यांच्या कैदेचे माप १ फेब्रुवारी २०२४ पासून निम्मे केले. आधी न भरलेल्या एका दिवसाच्या दंडाला एक दिवस कैद होती, आता दोन दिवसांच्या दंडाला एक. आपल्या चालकाने चाळीसपैकी काहीच भरले नाही तर पूर्वी तो चाळीस दिवस आत गेला असता, आता वीस. सुधारणा चांगली आहे, पण जो भरूच शकत नव्हता त्याला ती अर्धीच दया दाखवते.

समाजसेवेवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण तिच्याबद्दल गैरसमजही जास्त आहेत आणि माझा स्वतःचा संबंधही तिच्याशीच जास्त आला. इंग्लंडमध्ये १९७२ च्या कायद्याने ती आली आणि १९७३ मध्ये सहा भागांत प्रयोग म्हणून सुरू झाली. चाळीस ते दोनशे चाळीस तासांचे बिनमोबदला काम, साधारण वर्षभरात पूर्ण करायचे. तुरुंगाला पर्याय म्हणून ती आणली होती, पण सुरुवातीच्या वर्षांच्या अभ्यासांत असे दिसले की ज्यांना ती दिली गेली त्यांच्यातले जेमतेम निम्मेच एरवी तुरुंगात गेले असते. उरलेल्यांना पूर्वी दंड किंवा समज देऊन सोडले असते. म्हणजे शिक्षा सौम्य होण्याऐवजी निम्म्या लोकांसाठी ती कडक झाली, आणि वर ते काम चुकले तर तुरुंगाचा रस्ताही नव्याने उघडला. आमच्या क्षेत्रात याला जाळे रुंदावणे म्हणतात. नवे साधन हाती आले की न्यायालय ते आधी सोप्या, भल्या वाटणाऱ्या माणसांवर वापरते, कारण त्यांच्या बाबतीत फसण्याची भीती कमी असते.

फिनलंडने यावर काढलेली युक्ती मला आजही सर्वांत हुशार वाटते. तिथे १९९१ मध्ये काही भागांत आणि १९९४ पासून देशभर समाजसेवा सुरू झाली तेव्हा न्यायाधीशाला दोन पायऱ्या घालून दिल्या. पहिल्या पायरीवर समाजसेवेचा विचारही करायचा नाही. या गुन्ह्याला प्रत्यक्ष भोगायची कैद किती, एवढेच ठरवायचे. ती आठ महिन्यांपर्यंत निघाली तरच दुसऱ्या पायरीवर तिचे कामाच्या तासांत रूपांतर करता येते, तेही माणसाची तयारी आणि काम पूर्ण करण्याची क्षमता तपासून. एका दिवसाच्या कैदेला एक तास काम असे माप होते. ज्याला एरवी कैद झालीच नसती तो या दारातून आत येऊच शकत नाही. परिणाम असा झाला की समाजसेवेच्या शिक्षा जसजशा वाढल्या तसतशा लहान मुदतीच्या कैदा खरोखर कमी झाल्या. भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४ पासून समाजसेवेला शिक्षांच्या यादीत स्थान दिले, पण तास किती आणि कैदेशी त्यांचे माप काय हे संहितेत सांगितलेले नाही. त्यामुळे एकाच गुन्ह्याला दोन न्यायालयांनी दिलेले तास अगदी वेगळे असू शकतात, आणि कोणाचे बरोबर हे ठरवायला मोजपट्टी नसते.

आपल्या चालकाला हे माप लावू. तीन महिने, म्हणजे नव्वद दिवस, म्हणजे नव्वद तास. आठवड्यातले सहा दिवस तो गाडी चालवतो, म्हणून उरला रविवार. सहा तासांचा एक, असे पंधरा रविवार. कागदावर हे हलके वाटते. प्रत्यक्षात पंधरा आठवडे त्या माणसाला एकही सुट्टी नाही, पहाटे उठून ठरलेल्या जागी वेळेवर पोहोचायचे, दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करायचे आणि मोबदला शून्य. एका तरुणाने मला सरळ सांगितले होते की त्यापेक्षा पंधरा दिवस आत झोपून काढलेले परवडले असते. सोडून दिले असे म्हणणाऱ्यांनी पहिल्या दोन रविवारी येऊन पाहावे, असे मला पुष्कळदा वाटते.

काम कुठे द्यायचे याला एक मर्यादा आहे जी अनेकदा विसरली जाते. सक्तीच्या श्रमाविरुद्धच्या १९३० च्या आंतरराष्ट्रीय करारात न्यायालयाच्या शिक्षेतून आलेल्या कामाला सूट आहे, पण दोन अटींवर. काम सार्वजनिक यंत्रणेच्या देखरेखीखाली व्हावे आणि माणूस खासगी व्यक्ती किंवा कंपनीच्या हाती दिला जाऊ नये. म्हणून रुग्णालय, ग्रंथालय, उद्यान, वृद्धाश्रम अशा जागा निवडतात. शिवाय ज्याचे पगारी काम आहे त्याच्या पोटावर पाय येता कामा नये. सफाई कामगारांची भरती थांबवून तिथे शिक्षेचे लोक लावले तर काही महिन्यांतच कामगार आणि संस्था दोघेही या योजनेच्या विरोधात जातात, आणि त्यांचे चूकही नसते.

ही शिक्षा मोडते ती बहुतेक वेळा पहिल्या तीन आठवड्यांत. निकाल आणि पहिला कामाचा दिवस यांत अंतर पडले की निकालाचा धाक ओसरतो. दोन आठवड्यांत काम सुरू झालेला माणूस आणि तीन महिन्यांनी सुरू झालेला माणूस यांच्या हजेरीत मला नेहमीच फरक दिसला. दुसरे कारण अगदी घरगुती असते. दोन बस बदलून जायचे ठिकाण, लहान मूल सांभाळायला कोणी नाही, पाठीचे दुखणे आणि नेमून दिलेले काम मात्र ओझी उचलण्याचे. चौकशी अहवालात एका ओळीने ही माहिती आली असती तर जागा बदलता आली असती. तिसरे कारण संस्थेकडचे. एका संस्थेत मी अचानक गेलो तेव्हा हजेरीपत्रकावर चार जणांच्या सह्या होत्या आणि जागेवर एकच माणूस होता. पुढच्या दोन रविवारच्या सह्याही आधीच करून ठेवल्या होत्या. देखरेख करणाऱ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना दिवसभर चार अनोळखी पुरुषांना सांभाळणे नको होते, म्हणून त्यांनी सह्या घेऊन त्यांना घरी पाठवले. तेव्हापासून मी संस्था निवडताना काम काय आहे हे नंतर विचारतो. त्या दिवशी तिथे त्यांच्यासोबत नेमके कोण उभे राहणार आणि त्याला त्याचा पगार मिळतो का, हे आधी विचारतो. सगळ्या सह्या एकाच शाईत, येण्याजाण्याच्या वेळा दर आठवड्याला नेमक्या तासावर, आणि पावसाच्या दिवशीही बागकाम झालेले, असे हजेरीपत्रक दिसले की समजावे की काम झालेले नाही.

शिक्षा मधेच मोडली तर पुन्हा दुसऱ्या सांध्याचा प्रश्न येतो. चालकाने नऊ रविवार, म्हणजे चोपन्न तास केले आणि मग येणे बंद केले असे धरू. उरलेले छत्तीस तास फिनिश मापाने छत्तीस दिवसांची कैद होतात. झालेले काम वाया जात नाही. जिथे असे माप नाही तिथे न्यायालय मूळ शिक्षेचा विचार पहिल्यापासून करते आणि माणूस चोपन्न तास राबूनही पूर्ण तीन महिने आत जाऊ शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९० मध्ये मान्य केलेल्या, टोकियो नियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की तुरुंगाबाहेरचा उपाय फसला म्हणून आपोआप तुरुंग येऊ नये. माझी रीत अशी होती की पहिल्या गैरहजेरीला त्याच आठवड्यात फोन, दुसरीला लेखी ताकीद, तिसरीला न्यायालयाकडे अहवाल. ताकद त्या अहवालाच्या कडकपणात नसते, तो ठरलेल्या दिवशी जातो यात असते. कधी जातो आणि कधी जात नाही, हे लोकांना कळले की सगळी योजना दोन महिन्यांत ढासळते.

तुरुंगच हवा असे मी अहवालात लिहिलेले आहे, आणि ते फार विचारात न पडता लिहिलेले आहे. घरातल्याच माणसाला मारहाण झाली आहे आणि आरोपी त्याच घरात परतणार आहे, तिथे रविवारचे काम पीडितेला एका रात्रीचेही संरक्षण देत नाही. साक्षीदारांना धमकावणारा, किंवा समाजसेवेचे दोन आदेश आधीच जाणूनबुजून धुडकावलेला माणूस यांच्या बाबतीतही तेच. ज्याच्याकडे भरपूर पैसा आहे अशा आर्थिक गुन्हेगाराला नुसता दंड करणे मला पटत नाही, कारण तो दंडाला धंद्याचा खर्च समजतो. अशाला दंडाबरोबर कामाचे तास लावले की काय होते ते पाहण्यासारखे असते, कारण पैशाप्रमाणे वेळ तो दुसऱ्याकडून भरून घेऊ शकत नाही.

चालकाच्या प्रकरणात मी असे सुचवले असते. कैद नव्वद दिवसांची ठरवून तिचे नव्वद तासांत रूपांतर, काम घरापासून एका बसच्या अंतरावर आणि दोन आठवड्यांच्या आत सुरू. पंचेचाळीस भागांची भरपाई दरमहा पाच भागांनी, म्हणजे नऊ महिने, आणि वेगळा दंड काहीही नाही, कारण दंड लावला तर त्याच पाच भागांतून तो मालकाच्या पुढे जाऊन उभा राहील. दोन हप्ते चुकले तर पंधरा दिवसांत उत्पन्नाची चौकशी. नोकरी गेली असेल तर मुदतवाढ, पगार चालू असून टाळाटाळ असेल तर न भरलेल्या हिश्शाइतके जास्त तास, आणि तेही टाळले तरच उरलेल्या तासांची कैद. असे आदेश नीट चालले तर रविवार चौथ्या महिन्यात संपतात, शेवटचा हप्ता नवव्या महिन्यात जातो, आणि मालकाच्या वहीत त्या नावापुढची बाकी शून्य होते. नीट चालले नाहीत तर ते चौथ्या-पाचव्या आठवड्यातच हजेरीपत्रकावर दिसते, फक्त ते हजेरीपत्रक कोणीतरी खरोखर वाचत असले पाहिजे.